बिल 78 हजारांचं, खात्यात 47 हजार

*नमस्कार. मी कराडला शिक्षिका आहे. माझी पेट्रोल गाडी आहे, 1197 सीसीची. अपघाताच्या दिवशी तिच्या रजिस्ट्रेशनला चार वर्षं आणि तीन महिने झाले होते. पाटणहून परत येताना वळणावर अचानक म्हैस आडवी आली. तिला वाचवताना गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. देवाच्या कृपेने कुणालाही लागलं नाही. गाडी नेहमीच्या गॅरेजला दिली. कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघून गेला. मी 78,000 रुपयांचं बिल पूर्ण भरलं आणि कागद पाठवले. खात्यात 47,000 जमा झाले. पॉलिसीवर डिडक्टिबल फक्त 1,000 लिहिलंय, मग 31,000 कसे कापले? एजंट म्हणतो, "असंच असतं." कंपनीच्या पत्रात चारच ओळी आहेत: मान्य रक्कम 48,600, सॅल्व्हेज 600, डिडक्टिबल 1,000, देय 47,000. गॅरेजवाले म्हणाले, "मॅडम, आधी सांगितलं असतंत तर फाइल चार्ज बिलात बसवून दिला असता." शिवाय माझा 45 टक्के नो क्लेम बोनसही जाणार. क्लेम केला हे चुकलं का? कंपनीने 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या पावतीवर सहीही घेतली आहे. बिल आणि पॉलिसीचे फोटो जोडले आहेत.*

ताई, तुम्ही बिलाचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. त्यावरून मी तुमचा हिशेब पुन्हा मांडून पाहिला. कापलेल्या 31,000 पैकी 25,750 पॉलिसीच्या नियमांप्रमाणे गेले आहेत. उरलेले 5,250 मात्र जायला नको होते, आणि ते कुठे गेले असावेत याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे.

मी बरीच वर्षं सर्व्हेअरचं काम केलं. ज्यांचा गोंधळ होतो, त्यातल्या बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी होतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, ठळक छापलेलं असतं, म्हणून वाटतं की बिलातून तेवढंच कापणार. प्रत्यक्षात ती सगळ्यात शेवटची आणि बहुधा सगळ्यात लहान वजावट असते. आधी बिलातल्या वस्तूंवर घसारा लागतो, म्हणजे जुन्या भागाची झीज धरून किंमत कमी होते, मग जे पॉलिसीत बसत नाही ते बाजूला होतं, मग भंगाराची किंमत जाते आणि उरलेल्या रकमेतून डिडक्टिबल कापतात. सक्तीचं डिडक्टिबल 1,500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला 1,000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये असतं. प्रीमियम कमी व्हावा म्हणून काही जण ऑनलाइन पॉलिसी घेताना ऐच्छिक डिडक्टिबलही निवडतात आणि विसरून जातात. मग क्लेमच्या वेळी दोन्ही कापली जातात. तुमच्या पॉलिसीत ते नाही. 1,000 ची ओळ बरोबर आहे, तिच्याशी भांडू नका.

आता बिलाकडे येऊ. सगळे आकडे जीएसटी धरून आहेत.

पहिल्यांदा प्लास्टिकचे भाग बघू. पुढचा बंपर 6,500, ग्रिल 2,000 आणि हेडलाईट 7,500, मिळून 16,000. प्लास्टिक, रबर, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांच्यावर 50 टक्के घसारा लागतो, मग गाडी काल घेतलेली का असेना. इथे 8,000 गेले. हेडलाईटवर लोक नेहमी अडतात. काच म्हणून ती पूर्ण मिळायला हवी असं त्यांचं म्हणणं असतं. पण हल्लीच्या हेडलाईटची "काच" प्लास्टिकची असते, त्यामुळे ही कपात योग्य आहे.

मग पत्रा आणि धातूचे भाग. बॉनेट 9,000, डाव्या बाजूचा फेंडर 4,000, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर मिळून 11,000, असे एकूण 24,000. धातूवरचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो. पहिले सहा महिने काहीच नाही, वर्षापर्यंत 5 टक्के, दोन वर्षांपर्यंत 10, तीनपर्यंत 15, चारपर्यंत 25, पाचपर्यंत 35, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत 40 आणि नंतर 50. तुमची गाडी चार वर्षं ओलांडून तीनच महिने झाले होते, म्हणून 35 टक्के, म्हणजे 8,400 रुपये. हाच अपघात चार महिने आधी झाला असता तर 6,000 च गेले असते. वाईट वाटतं, पण तक्ता असाच आहे. इथे एकच गोष्ट पाहा: सर्व्हेअरच्या तक्त्यात रजिस्ट्रेशनची तारीख बरोबर लिहिली आहे ना. एक वर्ष चुकलं की टक्का बदलतो.

पुढची काच 7,000 ची. काचेवर घसारा लागत नाही, ती पूर्ण मिळते. डेंटिंग आणि फिटिंगची मजुरी 11,000, तिच्यावरही घसारा नाही. कूलंट, एसीचा गॅस, क्लिपा, नट-बोल्ट यांचे 2,500 साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, ते तुमच्याकडे नाही.

बिलाच्या तळाशी 3,500 ची एक ओळ आहे, "मागील डावे दार, डेंट व पेंट". गाडी तशीही गॅरेजला होती म्हणून जुना पोचाही काढून घेतलात असं दिसतं. कठड्याला पुढून धडकलेल्या गाडीच्या मागच्या दाराला पोचा येत नाही, हे कुठलाही सर्व्हेअर गाडीभोवती एक चक्कर मारली की ओळखतो. जुन्या पोच्याच्या कडेला धूळ बसलेली असते आणि खरचटलेल्या रंगाखाली पत्र्याला गंजाची तांबूस रेघ धरलेली असते. दोन वेगळे प्रसंग म्हणजे दोन वेगळे क्लेम, आणि प्रत्येकाचं डिडक्टिबलही वेगळं. त्यामुळे हे 3,500 तुमच्याकडेच राहणार.

आता राहिलं रंगकाम. बॉनेट, फेंडर आणि बंपर या तीन पॅनेलच्या रंगाचे तुमच्या गॅरेजने एकत्र 14,000 लावले आहेत. साहित्य किती आणि मजुरी किती हे वेगळं लिहिलेलं नाही. अशा एकत्रित बिलासाठी पॉलिसीत स्पष्ट नियम आहे. 50 टक्के घसारा फक्त रंगाच्या साहित्यावर लावायचा आणि बिल एकत्र असेल तर साहित्य एकूण रकमेच्या 25 टक्के धरायचं. 14,000 च्या पाव म्हणजे 3,500 साहित्य, त्याच्या निम्मे 1,750. रंगकामातून एवढेच जायला हवेत.

आता बेरीज करू. प्लास्टिकचे 8,000, धातूचे 8,400, रंगाचे 1,750, क्लिपा-कूलंटचे 2,500 आणि दाराचे 3,500, एकूण 24,150. बिलातून ते वजा केले की मान्य रक्कम 53,850 यायला हवी. कंपनीच्या पत्रात ती 48,600 आहे. फरक 5,250 चा. आणि 14,000 च्या सरसकट 50 टक्के म्हणजे 7,000 कापले, तर योग्य कपातीपेक्षा नेमके 5,250 जास्त जातात. आकडा इतका तंतोतंत जुळतो की माझा संशय रंगकामावरच आहे. साहित्य आणि मजुरी वेगळी न करता सगळ्या रंगकामावर प्लास्टिकसारखा 50 टक्के घसारा लागला असावा. घाईत भरलेल्या तक्त्यात असं होतं. रंगाची ओळ सुट्या भागांच्या रकान्यात गेली की पुढचा गुणाकार आपोआप चुकतो.

पण ताई, हा माझा अंदाज आहे आणि अंदाजावर तक्रार करायची नसते. चार ओळींच्या पत्रामागे सर्व्हेअरचा सविस्तर असेसमेंट तक्ता असतो. त्यात प्रत्येक वस्तूपुढे एस्टिमेटची रक्कम, मान्य रक्कम आणि घसाऱ्याचा टक्का लिहिलेला असतो. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे, पॉलिसीधारकाने मागितल्यावर सर्व्हे रिपोर्टची प्रत द्यावी लागते. फोनवर मागू नका. क्लेम विभागाला ईमेल करा, क्लेम नंबर लिहा आणि एवढंच लिहा:

"माझ्या क्लेमचा सर्व्हे रिपोर्ट आणि घसाऱ्यासह असेसमेंट तक्त्याची प्रत पाठवावी. बिलातील रंगकामाची रक्कम एकत्रित रु. 14,000 आहे. पॉलिसीच्या विभाग 1 मधील तरतुदीनुसार साहित्य 25 टक्के धरून त्यावर 50 टक्के म्हणजे रु. 1,750 घसारा लागतो. मला यापेक्षा जास्त कपात झालेली दिसते. कृपया तपासून फरकाची रक्कम जमा करावी."

विभाग 1 म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. पॉलिसीसोबत आलेल्या पुस्तिकेत घसाऱ्याचा तक्ता तिथेच असतो आणि रंगाचा नियम त्या तक्त्याच्या शेवटी. पाठवण्याआधी तुमच्या पुस्तिकेतलं ते वाक्य स्वतः वाचा आणि त्या पानाचा फोटो ईमेलला जोडा. समोरच्या माणसाला नियम शोधायला लावला की उत्तर लांबतं.

दुसरी एक खबरदारी. कुणी म्हणालं की गॅरेजकडून साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवणारं नवं बिल आणा, तर आणू नका. बिल फोडलं की घसारा खऱ्या साहित्यावर लागतो, आणि साहित्य पावापेक्षा जास्त निघालं तर तुमचे पैसे आणखी कमी होतील. ज्या बिलावर क्लेम मंजूर झाला तेच राहू द्या.

सहीची काळजी तुम्ही केलीत ते स्वाभाविक आहे. "पूर्ण व अंतिम" वाचलं की वाटतं आता सगळी दारं बंद झाली. तसं नाही. अशा पावतीवरच्या सहीमुळे जास्तीची भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही, असं विमा नियामकाने म्हणजे आयआरडीएआयने 2015 साली परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलं आहे. पैसे जमा झाले असले तरी फरक मागता येतो.

क्लेम विभागाने दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. त्याचा ईमेल पॉलिसीवरच छापलेला असतो. सोबत बिमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवा, म्हणजे ती आयआरडीएआयच्या नजरेखाली राहते. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही, तर विमा लोकपाल. कराडसाठी पुण्याचं कार्यालय. तिथे फी नाही, वकील लागत नाही, उलट वकील उभाच राहू शकत नाही. कंपनीने शेवटचं उत्तर दिल्यापासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. पण 5,250 साठी तुम्हाला तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. नियमाचं पान जोडलेली स्वच्छ तक्रार बहुतेकदा कंपनीतच मिटते, कारण हा मतभेदाचा नाही, गुणाकाराचा प्रश्न आहे.

सॅल्व्हेजच्या 600 बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. चेपलेलं बॉनेट, फेंडर, फुटलेला रेडिएटर यांची भंगारातली किंमत कंपनीने तुमच्या रकमेतून वजा केली. म्हणजे ते भंगार आता तुमचं आहे. गॅरेजमध्ये पडलेलं असेल तर मागून घ्या, किंवा त्याचे पैसे बिलात वळते करून घ्या. रेडिएटर आणि कंडेन्सरचं अल्युमिनियम भंगारवाला वजनावर घेतो, आणि ही रक्कम लोक न विचारता गॅरेजवर सोडून देतात.

गॅरेजवाल्यांच्या फाइल चार्जच्या गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. ते डिडक्टिबललाच फाइल चार्ज म्हणतात. ते "बिलात बसवायचं" म्हणजे न केलेलं काम किंवा न बदललेला भाग बिलात घालायचा. हजार रुपयांसाठी ते कागदावर येतं तुमच्या सहीने, कारण क्लेम फॉर्म तुमचा. सर्व्हेअर दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणीला येऊ शकतो, आणि बदललेला म्हणून दाखवलेला भाग जुनाच निघाला तर खोटी माहिती दिल्याचं कारण दाखवून सगळा क्लेम नाकारता येतो. तुम्ही त्यात पडला नाहीत हे बरं झालं. आता 5,250 मागताना तुमचा प्रत्येक कागद खरा आहे, याचा तुम्हाला फायदाच होईल.

बोनसचा हिशेब करण्यासारखा आहे. नो क्लेम बोनस पूर्ण प्रीमियमवर मिळत नाही, फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळतो. थर्ड पार्टीच्या प्रीमियमला तो लागत नाही. बोनसाची चढण अशी आहे: पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. तुमच्या पॉलिसीत नुकसानीच्या भागाचा प्रीमियम बोनस वजा करण्याआधी 6,000 आहे. क्लेम केला नसता तर पुढच्या वर्षी 50 टक्के बोनसाने 3,000 भरावे लागले असते. आता पूर्ण 6,000. त्यानंतर क्लेम झाला नाही तर दरवर्षी फरक कमी होत जाईल: 1,800, 1,500, 900, 300. सहाव्या वर्षी तुम्ही पुन्हा 50 टक्क्यांवर याल. पाच वर्षांत एकूण 7,500 जास्त जातील, त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 8,850. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात याहून थोडे कमीच.

म्हणजे साधारण नऊ हजार देऊन तुम्ही 47,000 घेतले, आणि फरक मिळाला तर 52,250. क्लेम केला हे अजिबात चुकलेलं नाही. हाच हिशेब उलटा वापरता येतो. मागच्या दाराचं काम 3,500 चं होतं. त्यासाठी वेगळा क्लेम केला असता तर रंगाचा घसारा आणि 1,000 चं डिडक्टिबल जाऊन हातात अडीच हजारांच्याही आत आले असते आणि बोनस गेला असता तो वेगळाच. तुमच्या आकड्यांत सगळ्या वजावटी जाऊन हातात दहा हजारांच्या वर पडणार असतील तरच क्लेम करायचा.

आता नूतनीकरणाचं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर असतं, तर तुमचे प्लास्टिकचे 8,000, धातूचे 8,400 आणि रंगाचे 1,750, असे 18,150 वाचले असते. कूलंट-क्लिपांचे 2,500 मात्र त्यातही मिळाले नसते, त्यासाठी कन्झ्युमेबल्सचं वेगळं कव्हर आहे. आणि 1,000 चं सक्तीचं डिडक्टिबल झिरो डेपमध्येही लागू राहतं. "बंपर टू बंपर" असं सांगून विकतात म्हणून लोकांना वाटतं एक रुपयाही जाणार नाही, पण तसं नसतं. बऱ्याच कंपन्या हे कव्हर पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला देतात, काही त्यापुढेही देतात. वर्षात किती क्लेमना ते चालेल याची मर्यादा बहुधा असते, ती विचारून घ्या. तुमच्या चालू पॉलिसीत हे कव्हर नसल्याने नव्याने घेताना गाडीची तपासणी मागतील. त्या आधी दुरुस्तीचं बिल आणि नव्या बॉनेट-फेंडरचे फोटो हाताशी ठेवा. गाडी घाटरस्त्यावर रोज चालते आणि पाच वर्षं व्हायला आली आहेत, म्हणजे यापुढे धातूवर 40 टक्के कपात सुरू होणार. झिरो डेपचा जादा प्रीमियम तीन-साडेतीन हजारांच्या आत बसत असेल, तर मी तुमच्या जागी पुढची दोन वर्षं तरी ते घेईन.

असेसमेंट तक्ता हातात आला आणि रंगाची ओळ बरोबर निघाली, तर फरक दुसरीकडे कुठेतरी आहे. तेव्हा काचेची ओळ आणि मजुरीची ओळ बघा, तिथे कपात शून्यच असायला हवी. त्याही बरोबर असतील तर तक्त्याचा फोटो मला पाठवा, ओळीओळीने बसू.